राइस स्कोअर लावला आणि गडद थीम पहिली आली. नेमकं कुठे चुकलं?

कोराकागद

नमस्कार मंडळी. आमची टीम छोटी आहे. तीन डेव्हलपर, एक टेस्टर, आठवड्यातून दोन दिवस येणारी डिझायनर आणि मी. मी मूळचा डेव्हलपरच, पण 'पुढे काय बनवायचं' हे ठरवण्याचं काम गेल्या वर्षी माझ्या गळ्यात पडलं. भेटीच्या वेळा ठरवायचं सॉफ्टवेअर आहे. ४०० व्यवसाय पैसे भरून वापरतात, शिवाय दर तिमाहीला साधारण ९० नवीन खाती चाचणीवर येतात.

बॅकलॉगमध्ये १४० गोष्टी साठल्या आहेत. आजवर ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी, असं चालायचं. ते थांबवावं म्हणून प्रत्येक कामाला स्कोअर देऊन क्रम लावणारी राइस पद्धत लावली. किती जणांपर्यंत पोचेल तो रीच, किती फरक पडेल तो इम्पॅक्ट, अंदाजाची खात्री किती तो कॉन्फिडन्स आणि किती मेहनत तो एफर्ट. रीच, इम्पॅक्ट, कॉन्फिडन्स हे तिन्ही गुणायचे आणि एफर्टने भागायचं:

```
=B2*C2*D2/E2
```

सगळ्यांनी मिळून दोन तास बसून आकडे भरले. वानगीदाखल चारच देतो:

गडद थीम: रीच २६००, इम्पॅक्ट ०.५, कॉन्फिडन्स १००%, एफर्ट ०.५. स्कोअर २६००.
स्मरण-मेसेजमध्येच वेळ बदलण्याची लिंक: २६०, २, ८०%, १. स्कोअर ४१६.
कॅलेंडरशी दुतर्फा सिंक: ४००, २, ५०%, ३. स्कोअर १३३.
स्प्रेडशीटमधून ग्राहकांची यादी चढवणं: ३०, ३, ८०%, १. स्कोअर ७२.

यादी पडद्यावर लावली आणि सगळे हसायला लागले. गडद थीम सगळ्यांत वर, तीही सहापट फरकाने! टीममध्ये एकालाही ती सगळ्यांत महत्त्वाची वाटत नाही. मग ही पद्धतच टाकाऊ, की आम्ही काही घोळ घातलाय?

धडाकेबाज

पद्धत ठीक आहे, तुमचा रीच सगळं गिळतोय. बघा ना, इम्पॅक्ट ०.२५ ते ३, म्हणजे जास्तीत जास्त बारापट फरक. कॉन्फिडन्समध्ये फक्त दुप्पट. आणि रीच ३० ते २६००! ज्याचा रीच मोठा तोच जिंकणार.

आम्ही रीचलाही १ ते १० गुण देतो. झटक्यात प्रश्न सुटतो. करून बघा.

टेबललॅम्प

धडाकेबाज यांचं निदान अर्धं बरोबर आहे, औषध मात्र चुकीचं. रीच यादीवर स्वार होतोय हे खरं, पण त्याला १ ते १० मध्ये कोंबलं की या पद्धतीत जी एकमेव मोजलेली गोष्ट आहे तीच आपण अंदाजात बदलून टाकतो. रीच हा गुण नाही, ती मोजणी आहे. अमुक इतक्या काळात किती जणांना हे काम भेटेल, एवढंच त्यात असतं. इंटरकॉम या सॉफ्टवेअर कंपनीत ही पद्धत घडली आणि शॉन मॅकब्राइड यांनी ती लिहून काढली, तेव्हा इम्पॅक्टसाठी ३, २, १, ०.५, ०.२५ अशा पायऱ्या दिल्या. कारण इम्पॅक्ट मोजता येत नाही, निवडावा लागतो. रीचला मुद्दाम पायऱ्या नाहीत.

कोराकागद, तीन प्रश्नांची उत्तरं द्या, मग पुढे बोलू.

ते २६०० कोण आहेत? तुमची खाती तर ४००.
यादी चढवण्यासमोरचे ३० कुठून आले?
आणि इम्पॅक्ट नेमका कशावर? म्हणजे '२' लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर काय वाढत होतं किंवा कमी होत होतं?

कोराकागद

२६०० म्हणजे लॉगिन करणारी माणसं. एका खात्यात सरासरी सहा-सात जण असतात. थीम माणूस निवडतो, म्हणून माणसं मोजली. ३० म्हणजे महिन्याला येणारी नवीन खाती.

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही. 'किती उपयोगी वाटतं' एवढाच विचार केला होता.

हं. लिहिता लिहिताच कळलं. एका ओळीत माणसं आहेत, बाकी तीन ओळींत खाती. आणि त्यातली एक ओळ महिन्याची.

टेबललॅम्प

बरोब्बर. किलो, लिटर आणि डझन एका रकान्यात लिहून उतरत्या क्रमाने लावलेत. वर जे आलं त्याला अर्थच नाही.

एकक कोणतं घ्यायचं याला नियम नाही, पण सगळ्या यादीला एकच हवं. तुमच्याकडे पैसे खातं भरतं, सोडून जातं तेही खातंच, म्हणून 'तिमाहीला किती खाती' हे धरा.

दुसरी गोष्ट: रीच म्हणजे 'किती जणांना दिसू शकेल' नव्हे, 'किती जणांची खरोखर गाठ पडेल'. गडद थीमचं बटण सगळ्यांना दिसेल, दाबतील किती? हे मोजता येतं. ब्राउझर `prefers-color-scheme` वरून सांगतो की यंत्र गडद रंगावर ठेवलंय की नाही. आठवडाभर त्याची नोंद ठेवा आणि किमान एक माणूस गडदवाला असलेली खाती मोजा. एका ओळीचं काम आहे.

गुलबक्षी

माझाही प्रश्न याच जातीचा आहे म्हणून इथेच विचारते. माझ्याकडे ६० बग साठलेत, प्रत्येकाला राइस लावायचा म्हटलं तर दिवस जाईल. बगचा इम्पॅक्ट कसा ठरवता?

टेबललॅम्प

नका लावू. बगची रांग वेगळी ठेवा. किती बिघडतंय, किती वेळा बिघडतंय, त्यावर वाटेत दुसरा मार्ग आहे का, एवढ्यावर ती लागते. जो बग दुरुस्त करायला अर्धा दिवस लागतो त्याचा स्कोअर काढायला पंधरा मिनिटं घालवणं परवडत नाही. सुरक्षेचे पॅच, कायद्याने करावंच लागणारं काम, ज्याची मुदत संपतेय अशी लायब्ररी, हेही राइसमध्ये आणू नका. ते 'करायचं की नाही' असे प्रश्नच नसतात. तिमाहीच्या हाताशी असलेल्या आठवड्यांतून त्यांचा वाटा आधी काढून ठेवायचा, उरलेल्यासाठी स्पर्धा.

चाचणीकर

मी टेस्टर आहे, त्यामुळे माझं लक्ष एफर्टच्या रकान्यावर. गडद थीमला ०.५? अर्धा मनुष्य-महिना? हे डेव्हलपरने एकट्याने सांगितलेलं दिसतंय.

आमच्याकडे हेच झालं होतं. 'रंग तर बदलायचेत' म्हणून दोन आठवडे धरले. मग कळलं की निम्मे रंग जागोजागी हाताने लिहून ठेवलेत. आलेख वेगळी लायब्ररी काढते, तिला थीम माहीतच नाही. ईमेलचे साचे वेगळेच. आणि प्रत्येक पडदा मला दोनदा बघायचा, हे कुणी मोजलंच नव्हतं. सात आठवडे गेले. त्यातले तीन माझे.

धडाकेबाज

एफर्ट स्टोरी पॉइंटमध्ये घ्या ना. टीमला सवय असते.

चाचणीकर

दादा, पॉइंट कोण देतं तुमच्याकडे? आमच्याकडे फक्त डेव्हलपर द्यायचे. डिझाइन, चाचणी, मदत-पानं, सपोर्टला समजावणं, यातलं काहीच त्यात नसायचं. पॉइंट घ्या नाहीतर तास घ्या, ते काम करणाऱ्या प्रत्येकाचा वेळ त्यात आला पाहिजे.

टेबललॅम्प

चाचणीकर यांना दुजोरा. मूळ पद्धतीत मनुष्य-महिने आहेत, आणि महिन्याहून बरंच कमी असेल तर सरळ ०.५. मोठ्या कंपनीत चालतं ते. पाच माणसांच्या टीममध्ये बहुतेक कामं महिन्याच्या आतबाहेरचीच असतात, मग अर्धी यादी ०.५ आणि अर्धी १ होते. चार दिवसांचं काम आणि तीन आठवड्यांचं काम दोन्ही ०.५! छोट्या टीमने मनुष्य-आठवडे धरावेत.

एफर्ट खाली, छेदात बसतो हेही विसरू नका. दोन आठवड्यांच्या जागी एक लिहिला तर स्कोअर दुप्पट. बारा आठवड्यांच्या कामात एका आठवड्याची चूक झाली तर कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून छोट्या कामांचे अंदाज जास्त काळजीने घ्यायला हवेत. आपण नेमकं उलटं करतो.

कोराकागद

एक आठवड्याने परत आलोय. गडद थीमची नोंद ठेवली: ४०० पैकी ११० खात्यांत कुणी ना कुणी गडदवाला आहे. टेस्टरला आणि डिझायनरला विचारल्यावर एफर्ट पाच मनुष्य-आठवडे झाला. (डेव्हलपर थोडा रुसला.)

'इम्पॅक्ट कशावर' यावर आमची मालकांबरोबर बैठक झाली. चाचणीवर येणाऱ्या ९० खात्यांपैकी जेमतेम २० पैसे भरून टिकतात. ते वाढवायचं, हे या तिमाहीचं ध्येय ठरलं. आता इम्पॅक्ट त्यावर धरायचा, बरोबर?

टेबललॅम्प

हो, आणि त्याबरोबर रीचही बदलतो. इथे बरेच जण अडखळतात. ध्येय चाचणीवरच्या खात्यांचं असेल तर जुनी पैसे भरणारी ४०० खाती रीचमध्ये येतच नाहीत. ती आधीच टिकली आहेत. आता सगळ्या ओळींचं कमाल मूल्य ९०.

चाचणीच्या काळात स्मरण-मेसेज चालू करणारी खाती किती, कॅलेंडर जोडणारी किती, आणि यादी नसल्याने अडलेली किती, ते काढा.

कोराकागद

काढलं. मागच्या तिमाहीतलं सांगतो. ९० पैकी ३५ खात्यांनी स्मरण-मेसेज चालू केले. कॅलेंडर २५ जणांनी जोडलं. पहिल्या आठवड्यानंतरही ज्यांच्या यादीत दहापेक्षा कमी ग्राहक होते, अशी खाती ६०. त्यांना मी 'यादीशी अडलेले' धरलं.

नवीन तक्ता, एफर्ट आठवड्यांत:

यादी चढवणं: ६०, २, ८०%, ४. स्कोअर २४.
वेळ बदलण्याची लिंक: ३५, ०.५, ८०%, ३. स्कोअर ४.७.
दुतर्फा सिंक: २५, १, ५०%, १२. स्कोअर १.
गडद थीम: चाचणीवरचे गडदवाले २५, ०.२५, ८०%, ५. स्कोअर १.

जी सगळ्यांत खाली होती ती सगळ्यांत वर! गंमत म्हणजे सपोर्टवाली मुलगी वर्षभर हेच सांगत होती.

धडाकेबाज

झालं की मग. ६० जण अडलेत, पुरावा समोर आहे. कॉन्फिडन्स १००% करा आणि सुरू करा.

टेबललॅम्प

थांबा जरा. ६० खात्यांत ग्राहक कमी आहेत हा पुरावा आहे. ते *यादी चढवता येत नाही म्हणून* कमी आहेत हा अंदाज आहे. त्यातले कित्येक नुसते डोकावून गेलेले असतील. त्यांना कितीही छान इम्पोर्ट दिलं तरी ते जाणारच.

कॉन्फिडन्सचा रकाना नेमका यासाठीच आहे, आणि सगळ्यांत जास्त गैरवापर त्याचाच होतो. तो 'मला किती वाटतं' असा नाही भरायचा. आमचा नियम साधा आहे: तिन्ही आकड्यांमागे मोजमाप असेल तर १००, एकामागे नसेल तर ८०, फक्त चर्चेतून आलं असेल तर ५०. प्रत्येक आकड्याशेजारी एक रकाना, 'कशावरून'. तो रिकामा असला की आपोआप ५०. या रकान्याने आमच्याकडची निम्मी भांडणं संपली. उरलेली निम्मी त्या रकान्यावरूनच होतात, पण ती चांगल्या जातीची असतात.

या हिशेबाने तुमचं इम्पोर्ट आज ८० सुद्धा नाही. ५०% धरलं तर स्कोअर १५. तरी पहिलंच राहतं, म्हणजे क्रमासाठी फरक पडत नाही. पण चार आठवडे घालवण्याआधी दोन आठवडे हातानेच करून बघा. चाचणीवर आलेल्याला एक बटण दाखवा: 'तुमची यादी पाठवा, आम्ही चढवून देतो.' किती जण पाठवतात ते मोजा.

सपोर्टवाली

मी त्या 'सपोर्टवाल्या मुली'च्याच जागी आहे, दुसऱ्या कंपनीत. मला एक खटकतंय. ध्येय दर वेळी नवीन खात्यांचं ठेवलं की जुन्यांसाठी काहीच होत नाही. वेळ बदलण्याची लिंक २६० खात्यांना हवी होती, ती या तक्त्यात ४.७ वर आली. ती खाती रोज मला फोन करतात. नवीन लोक फोनही करत नाहीत, गुपचूप निघून जातात. तुमच्या सूत्रात फोन करणारा माणूस कुठे आहे?

टेबललॅम्प

ताई, सूत्रात तो नाही. आक्षेप रास्त आहे आणि त्यावर माझ्याकडे गणिती उत्तर नाही. आम्ही दोन तक्ते करतो, दोन ध्येयं. एक नवीन खाती टिकवण्याचा, एक जुनी राखण्याचा. तिमाहीचे मनुष्य-आठवडे आधी दोघांत वाटून घेतो, साधारण ६०-४०, आणि मग प्रत्येक तक्त्यात वरून खाली उतरतो. दुसऱ्या तक्त्यात लिंक २६० गुणिले १ गुणिले ०.८ भागिले ३, म्हणजे ६९ येईल आणि निर्विवाद पहिली राहील.

फक्त एक पथ्य. ते ६९ आणि पहिल्या तक्त्यातले २४ शेजारी ठेवून 'लिंक मोठी' असं म्हणायचं नाही. एक चाचणीवरचं खातं टिकणं आणि एका जुन्या खात्याचा त्रास कमी होणं, ही वेगळी नाणी आहेत. ६०-४० कुठून आलं असं विचाराल तर तो मालकांचा निर्णय. तो सूत्रामागे लपवू नये.

आडवाट

आमच्याकडे एकाच ग्राहकाकडून उत्पन्नाचा पाचवा हिस्सा येतो. तो मागेल त्याचा रीच १! राइसप्रमाणे त्याचं काम कधीच होणार नाही. आम्ही मग त्याच्या मागण्यांना इम्पॅक्ट ५० असं लिहायला लागलो.

टेबललॅम्प

५० लिहिलंत त्या दिवशी पायऱ्या मोडल्या. उद्या दुसरा कुणी ४० लिहील. एक तर रीच खात्यांऐवजी मासिक उत्पन्नात मोजा, सगळ्या यादीला. नाहीतर ते काम यादीबाहेर काढून 'करार टिकवण्यासाठी' असं स्पष्ट लिहून करा.

आडवाट

उत्पन्नात मोजलं की प्रत्येक वेळी तोच जिंकतो. करून पाहिलंय.

सपोर्टवाली

मग ते खरंच तसं आहे असं नाही का? तुमचा धंदाच त्याच्यावर टेकलाय. तक्ता खोटं कुठे बोलतोय.

आडवाट

बोलत नाही, हेच तर दुखतंय.

कोराकागद

दोन आठवड्यांचा निकाल घेऊन आलोय. बटण लावलं. या काळात १४ नवीन खाती आली, ६ जणांनी यादी पाठवली. म्हणजे पासष्ट-सत्तर टक्के अडलेत हा माझा समज चुकीचा. १४ पैकी ६, तर ९० पैकी ३८ धरू.

आणि त्या यादीचे अवतार काय सांगू! चार जणांच्या फाइलमध्ये नाव आणि फोन एकाच रकान्यात, मध्ये कधी डॅश, कधी काहीच नाही. एकाची बरी होती. आणि एकाने वहीच्या पानांचे फोटो पाठवले. फोटो! डेव्हलपरने त्या फाइली पाहिल्या आणि एफर्ट चारवरून सहावर नेला, कारण रकाने जुळवण्याचा पडदा आणि चुका दाखवण्याचा पडदा त्याने धरलाच नव्हता.

नवीन स्कोअर: ३८ गुणिले २ गुणिले ०.८ भागिले ६, साधारण १०. आहे अजूनही पहिलाच, पण २४ चा १० झाला.

चाचणीकर

छोटा तुकडा करून बघितला का? ठरावीक नमुना-फाइल द्यायची, त्यातच भरून आणा म्हणायचं. रकाने जुळवायची भानगडच नाही.

कोराकागद

त्याचाही हिशेब केला. दीड आठवडा लागेल. पण आलेल्या सहापैकी फार तर दोघं नमुन्यात भरून देतील असं वाटतं, म्हणजे रीच ३८ चा तिसरा हिस्सा, १२-१३. स्कोअर १३ च्या आसपास. १० आणि १३, वर कोण म्हणायचं?

टेबललॅम्प

कुणीच नाही. दोन्ही सारखे. एक आकडा सहा फाइलींवर उभा आहे, दुसरा 'वाटतं' वर. त्यात दीडपटीच्या आतला फरक म्हणजे वाऱ्याची झुळूक. मी दुपटीपेक्षा कमी फरक असेल तर बरोबरी धरतो. पाहायचं असेल तर एका वेळी एकाच ओळीचा एफर्ट दीडपट करून आणि इम्पॅक्ट एक पायरी खाली आणून क्रम बदलतो का ते बघा. बदलला तर निर्णय आकड्यांनी नाही, बोलून घ्यायचा.

पण मला वेगळंच विचारायचंय. हाताने एक यादी चढवायला किती वेळ लागला?

कोराकागद

सरासरी २५ मिनिटं. फोटोवाल्याला तास लागला, बाकीच्यांना कमी.

अरे. थांबा. ३८ याद्या गुणिले २५ मिनिटं, म्हणजे सोळा तास. संपूर्ण तिमाहीला. अर्धा आठवडाही नाही! एफर्ट ०.५ धरला तर स्कोअर १२२ येतो?

धडाकेबाज

हाहा, म्हणजे काही बनवूच नका असा निकाल लागला.

टेबललॅम्प

निकाल असा नाही लागला, पण हा तिसरा पर्याय तक्त्यात असायला हवा होता, हे मात्र खरं. फक्त १२२ हा आकडा फसवा आहे. राइसमधला एफर्ट एकदाच खर्च होतो असं गृहीत असतं. हाताने चढवायचे सोळा तास दर तिमाहीला लागतील, आणि चाचणीवर येणारे दुप्पट झाले तर बत्तीस. वर्षाचा हिशेब धरा: हाताने साधारण दीड-दोन आठवडे, बनवून सहा. शिवाय बनवलेल्याची देखभाल. वर्षभरात तरी हातच स्वस्त.

सपोर्टवाली

आणि ते सोळा तास कुणाचे? डेव्हलपरचे आठवडे मोजताय, आणि यादी चढवणार सपोर्ट. आमचा वेळ तक्त्यात फुकट का? आणि तो फोटो टंकणार कोण?

चाचणीकर

हे मात्र खरंय. वर मी चाचणीचे तास मोजा म्हणून भांडले, तोच नियम इथेही लागला पाहिजे.

कोराकागद

सपोर्टचा वेळही एफर्टमध्ये घेतलाय आता, त्या ०.५ मध्ये तोच आहे. पण सपोर्टला विचारलं नव्हतं, हे कबूल. आज विचारलं. ती म्हणाली, सोळा तास चालतील, कारण यादी चढवताना ज्या माणसाशी बोलणं होतं तो नंतर फोन कमी करतो. हे खरं असेल तर इम्पॅक्ट २ पेक्षा जास्त असेल. नसेलही. चाचणी तीस दिवसांची असल्याने त्या सहा खात्यांचं काय झालं ते कळायला अजून दोन-तीन आठवडे आहेत.

तोवर ठरलंय ते असं. यादी हाताने. डेव्हलपर जुन्या खात्यांच्या तक्त्यातली लिंक घेताहेत, तीन आठवडे. दुतर्फा सिंक यादीत ठेवलंय, पण बारा आठवड्यांचं काम आमच्या एका डेव्हलपरची अख्खी तिमाही खाईल आणि राइसच्या भागाकारात ते कधीच वर येणार नाही, हेही दिसतंय.

टेबललॅम्प

हो, भागाकार नेहमी छोट्याच्या बाजूने झुकतो. सलग चार तिमाह्या वरून खाली उतरत गेलात तर सगळं वर्ष दोन-तीन आठवड्यांच्या कामांत जातं आणि सिंक तिथेच राहतं. आम्ही वर्षातून एकदा मोठी कामं वेगळी काढून त्यांची आपापसात तुलना करतो. ते बरोबर आहे की फक्त मनाचं समाधान, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि लिंक पूर्ण झाली की तक्त्यात आणखी दोन रकाने जोडा: लागलेले आठवडे आणि वापरलेली खाती. तीन आठवड्यांचे किती होतात ते कळू द्या इथे.

कोराकागद

लिंक झाली. साडेचार आठवडे. पहिल्या महिन्यात २६० पैकी ९० खात्यांच्या ग्राहकांनी वापरली. आणि हो, त्या सहा खात्यांपैकी तिघांनी पैसे भरले. फोटोवाला त्यात आहे.

गुलबक्षी

सहापैकी तीन आणि एरवी ९० पैकी २०, हे दुप्पट झालं ना? की ज्यांना टिकायचंच होतं त्यांनीच यादी पाठवली?

कोराकागद

हाच प्रश्न काल आमच्या टेस्टरने विचारला. पुढच्या महिन्यात बटण एकाआड एक खात्याला दाखवून बघणार आहोत.